‘टंबल ड्राय लो’, ‘ड्राय क्लीन ओन्ली’, ‘कलरफास्ट’: परदेशी कपड्याचं लेबल वाचायचं कसं

परदेशातून आलेला माझा पहिला लोकरी स्वेटर मी एकाच धुण्यात घालवला. लेबलवर ‘हँड वॉश कोल्ड, ड्राय फ्लॅट’ असं लिहिलं होतं. मी ‘ड्राय’ एवढंच वाचलं, आणि हातानं नीट धुतलेला स्वेटर गरम हवेच्या ड्रायरमध्ये टाकला. ‘ड्राय फ्लॅट’ म्हणजे सपाट पसरून वाळवा. तासाभरानं तो बाहेर काढला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या आणि वीण नमद्यासारखी घट्ट झाली होती. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की पुन्हा सुटत नाहीत. नंतर मी तो ताणून पाहिला, भिजवून पाहिला, काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर मी प्रत्येक लेबल शब्द सुटा करून वाचायला लागलो. सगळ्यात जास्त गोंधळ तीन शब्दप्रयोगांचा होतो असं मला दिसलं, म्हणून इथे त्यांवरच भर दिला आहे. बाकीच्या गोष्टी लागतील तेवढ्याच सांगतो.

हाताशी काय असावं

- लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो (धुऊन धुऊन अक्षरं पुसट होतात, म्हणून कपडा नवा असतानाच काढा)
- पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा
- शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी
- जाड टॉवेल
- नाजूक कपड्यांसाठी जाळीची पिशवी

१. आधी सगळी लेबलं शोधा

मानेपाशी असतं ते बहुतेक वेळा नावाचं आणि मापाचं लेबल. धुण्याच्या सूचना बऱ्याचदा आतल्या बाजूच्या शिवणीत, कमरेच्या खाली असतात. तिथे चार-पाच पानांची छोटी चळतच सापडते. ती बघून घाबरू नका, एकच मजकूर वेगवेगळ्या भाषांत छापलेला असतो. त्यात दोन गोष्टी शोधायच्या: कापड कशाचं आहे आणि ते कसं धुवायचं. कापडाची टक्केवारी वगळून नुसती सूचना वाचू नका. सूचनेमागचं कारण त्या टक्केवारीत असतं.

शब्दांऐवजी चित्रं असतील तर ती साधारण याच क्रमानं येतात: पाण्याचं टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्री म्हणजे इस्त्री आणि नुसतं वर्तुळ म्हणजे ड्राय क्लीनिंग. चित्रावर फुली असेल तर ते करायचं नाही. टबातला ३० किंवा ४० हा आकडा पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा सांगतो. त्याहून थंड पाणी चालतं, गरम चालत नाही. अमेरिकी लेबलवर आकड्याऐवजी बहुतेक वेळा ‘कोल्ड’ लिहितात. तिथल्या नियमात कोल्ड म्हणजे ३० अंश सेल्सियसपर्यंतचं पाणी. बर्फासारखं गार पाणी घ्यायची काही गरज नाही.

इस्त्रीवरच्या ठिपक्यांचं गणित सोपं आहे. एक ठिपका मंद, दोन मध्यम, तीन कडक. लेबलवर ‘कूल आयर्न’ दिसलं तर थंड इस्त्री फिरवायची नसते, सगळ्यात मंद तापमान ठेवायचं असतं.

२. ‘टंबल ड्राय लो’: यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत

‘टंबल’ म्हणजे गडगडणं, उलटंपालटं होणं. टंबल ड्रायर हे गरम हवेचं फिरतं पिंप असतं. त्यात कपडे वर जातात, खाली पडतात आणि मधून गरम हवा वाहते. ‘लो’ हा शब्द त्या हवेच्या उष्णतेबद्दल आहे. वेळ कमी ठेवा किंवा पिंप हळू फिरवा, असा त्याचा अर्थ नाही. चित्रात चौकोनाच्या आत वर्तुळ असतं. वर्तुळात एक ठिपका असला तर मंद उष्णता, दोन असले तर नेहमीची. आंतरराष्ट्रीय चिन्हांच्या पद्धतीत एका ठिपक्याची मर्यादा सुमारे ६० अंश आणि दोन ठिपक्यांची सुमारे ८० अंश धरतात.

आता पहिला मोठा सापळा. अर्धस्वयंचलित मशीनच्या दुसऱ्या लहान टबाला आपण सर्रास ‘ड्रायर’ म्हणतो. तो टंबल ड्रायर नाही. तो नुसता वेगानं फिरवून पाणी काढतो, त्यात उष्णता नसते. म्हणून ‘डू नॉट टंबल ड्राय’ लिहिलेला कपडा त्या टबात फिरवायला त्या सूचनेची आडकाठी नाही. एका जाड सुती स्वेटशर्टावर ही ओळ वाचून मी तो न पिळता, न फिरवता, पाणी ठिबकत असतानाच दोरीवर टाकला. तो दोन दिवस ओला राहिला आणि काखेत कुबट वास धरून बसला. पुन्हा धुवावा लागला. फिरवण्याची किंवा पिळण्याची मनाई असेल तर लेबलवर ती वेगळी लिहिलेली असते: ‘डू नॉट स्पिन’, ‘डू नॉट रिंग’. यातलं रिंग म्हणजे हातानं पीळ देणं. असा कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी टॉवेलमध्ये उतरतं.

दुसरी गोष्ट, ‘टंबल ड्राय लो’ ही परवानगी आहे. ड्रायर नसेल तर असा बहुतेक कपडा दोरीवर वाळवला तरी बिघडत नाही. सुती विणीचा असेल तर उलट तो कमी आटतो. कारखान्यात विणताना आणि रंगवताना कापड ओढलं जातं, तो ताण धाग्यात राहतो. पाणी लागलं की धागा सैल होऊन मूळ लांबीवर येऊ बघतो, आणि ड्रायरमधली उष्णता आणि आदळआपट त्याला आणखी ढकलते. कापडात इलास्टेन असेल तर जास्त उष्णतेनं त्याचा ताणही हळूहळू मरतो. आधी पट्ट्याला, मग गुडघ्यांना पोक येतो.

याला एक अपवाद आहे. पिसं भरलेलं जाकीट किंवा रजई. त्यावर ‘टंबल ड्राय लो’ लिहिलं असेल तर ते गंभीरपणे घ्या, कारण नुसतं टांगून ठेवलं तर ओली पिसं गोळा होऊन तशीच वाळतात. आतला ओलावा निघत नाही आणि वास धरतो. मंद उष्णतेवर, सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवायचं. एका फेरीत काम होत नाही. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक कप्पा बोटांनी चाचपायचा. गोळा लागला तर आत ओल आहे, पुन्हा फिरवा. वरून कोरडं लागलं म्हणून थांबू नका.

ड्रायर वापरत असाल तर शिवणी किंचित दमट असतानाच कपडा काढा आणि लगेच झटका. ‘रिमूव्ह प्रॉम्प्टली’ लिहितात ते यासाठीच. गरम कपडा पिंपात तसाच पडून राहिला की घड्या बसतात, आणि मंद इस्त्रीच्या कपड्यावरच्या घड्या काढणं जिकिरीचं होतं.

वाळवण्याचे बाकीचे शब्दही मनात वेगळे ठेवा. ‘लाइन ड्राय’ म्हणजे दोरीवर, ‘ड्रिप ड्राय’ म्हणजे न पिळता निथळत ठेवून, ‘ड्राय फ्लॅट’ म्हणजे आडवं पसरून, ‘ड्राय इन शेड’ म्हणजे सावलीत. ओला लोकरी स्वेटर दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनानं तो गुडघ्यापर्यंत लोंबू शकतो. म्हणून त्याला ‘फ्लॅट’ सांगतात.

३. ‘ड्राय क्लीन’ आणि ‘ड्राय क्लीन ओन्ली’ यांत फरक आहे

ड्राय क्लीनिंग कोरडं नसतं. कपडा द्रवातच फिरवतात, फक्त तो द्रव पाण्याऐवजी द्रावक असतो. पाणी लोकर, रेशीम, व्हिस्कोज अशा तंतूंच्या आत शिरून त्यांना फुगवतं, द्रावक तसं करत नाही. सगळा खेळ या फुगण्याचा आहे. व्हिस्कोजचंच पाहा. ते कोरडं असताना छान पडतं आणि टिकतं, पण ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. जोरात घासलं किंवा पिळलं की वीण सरकते.

‘ड्राय क्लीन’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ या रीतीनं कपडा सुरक्षित आहे. पाण्यात तो बिघडतोच असं त्यातून निघत नाही. अमेरिकेत कपड्यांच्या लेबलांचा नियम फेडरल ट्रेड कमिशननं १९७१ साली केला. त्यात उत्पादकानं एक सुरक्षित रीत सांगितली तरी पुरते, सगळ्या रीती मोजून दाखवाव्या लागत नाहीत. ‘ओन्ली’ जोडलं की मात्र ती ताकीद होते: पाण्यात घालू नका.

ही ताकीद का असते ते अस्तर असलेल्या कोटात नीट कळतं. बाहेरचं कापड लोकरीचं, अस्तर पॉलिएस्टरचं किंवा व्हिस्कोजचं, आणि छातीच्या भागात कापडाला आतून डिंकासारख्या थरानं चिकटवलेली कडक पट्टी, असे तीन थर त्यात असतात. पाणी लागलं की तिन्ही आपापल्या हिशोबानं आटतात. पट्टी सुटते आणि कोटाच्या पुढच्या भागावर बुडबुड्यांसारखे फुगवटे येतात. इस्त्रीनं ते बसल्यासारखे वाटतात, पण एक-दोनदा घातलं की परत दिसतात. अस्तर जास्त आटलं तर घेर आत ओढला जातो. हे दुरुस्त करायचं तर कोट उसवावा लागतो. म्हणून अस्तर, खांद्याचे पॅड, कडक कॉलर यांतलं काहीही असेल आणि ‘ओन्ली’ लिहिलं असेल तर घरी धुण्याचा प्रयोग करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकेरी थराचा पॉलिएस्टरचा कपडा असेल आणि त्यावर ‘ओन्ली’ नसेल, तर मी ३० अंशांच्या पाण्यात हातानं धुतो. पण आधी पुढच्या टप्प्यातली रंगाची परीक्षा घेतो, आणि बिघडला तर नुकसान माझं हे धरून चालतो.

ड्राय क्लीनिंगला देताना वर्तुळातलं अक्षर दाखवा. इंग्रजी ‘पी’ असेल तर नेहमीचं पर्क्लोरोएथिलीन हे द्रावक चालतं आणि सौम्य हायड्रोकार्बनही चालतं. ‘एफ’ असेल तर फक्त हायड्रोकार्बन, पर्क्लोरोएथिलीन नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्यावसायिक वेट क्लीनिंग. तिथे पाणीच वापरतात, पण खास यंत्रात आणि नियंत्रणाखाली, त्यामुळे ते घरच्या धुण्याची परवानगी नव्हे. अक्षराखाली आडवी रेघ असेल तर प्रक्रिया सौम्य हवी, दोन रेघा असतील तर आणखी सौम्य. डाग कुठे आहे आणि कशाचा आहे तेही सांगा. चहाचा किंवा सरबताचा डाग पाण्यात विरघळणारा असतो, नुसत्या द्रावकानं तो निघेलच असं नाही.

आणि ‘डू नॉट ड्राय क्लीन’ ही उलटी ताकीदही असते, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. महागडा कपडा म्हणजे ड्राय क्लीनला दिला की निर्धास्त, असा आपला समज. पण प्लॅस्टिकचा लेप असलेलं कापड, काही छापील नक्ष्या आणि चिकटवलेल्या टिकल्या द्रावकात कडक होतात किंवा सुटतात.

४. ‘कलरफास्ट’: पक्का रंग, पण कशापुढे?

आपण ‘रंग पक्का’ म्हणतो तेव्हा सगळ्याच बाबतीत पक्का असं धरतो. कापडाच्या प्रयोगशाळेत मात्र धुण्याला, घासण्याला, घामाला आणि उजेडाला टिकणं या वेगवेगळ्या परीक्षा असतात. धुण्याची आणि घासण्याची श्रेणी १ ते ५ अशी देतात, ५ म्हणजे काहीच फरक नाही. एका परीक्षेत उत्तम ठरलेला रंग दुसरीत कच्चा निघू शकतो. गडद निळी जीन्स घ्या. तिच्या धाग्यावर नीळ बाहेरच्या थरात बसलेली असते, आतला गाभा पांढुरका राहतो. म्हणून ती घासली की फिक्या सोफ्यावर निळसर छटा सोडते.

लेबलवर ‘कलरफास्ट’ हा शब्द क्वचितच दिसतो. त्याऐवजी आडून सांगतात, ते ओळखता आलं पाहिजे. ‘वॉश सेपरेटली’ म्हणजे हा कपडा एकटा धुवा, रंग जाणार आहे. ‘वॉश डार्क कलर्स सेपरेटली’ किंवा ‘वॉश विथ लाइक कलर्स’ म्हणजे सारख्या रंगांबरोबर चालेल. ‘वॉश बिफोर यूज’ म्हणजे वरचा सुटा रंग आधी काढून टाका. ‘ओन्ली नॉन-क्लोरीन ब्लीच’ असेल तर रंग क्लोरीनपुढे टिकत नाही. त्रिकोणात दोन तिरक्या रेघा असल्या तर तोच अर्थ.

घरी परीक्षा अशी घ्या:

- आतल्या शिवणीची न दिसणारी जागा निवडा. कपड्यात चार रंग असतील तर चारही तपासा.
- कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब घालून ती जागा ओली करा आणि पाच मिनिटं थांबा.
- पांढरं सुती कापड तिच्यावर मिनिटभर दाबून धरा. कापडाला रंग लागला तर धुण्यात जाणार.
- कोरड्या जागी तेच कापड दहा वेळा घासा. आता रंग लागला तर घातल्यावरही दुसऱ्याला लागणार.

कापडावर पुसट छटा आली तर एक-दोन वेगळ्या धुण्यांत रंग आटोक्यात येतो. ठळक डाग आला तर तो कपडा कायम एकटाच धुवा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं बऱ्याच जणांकडून ऐकाल. तयार कपड्यातला सुटणारा रंग त्यानं बांधला जात नाही. उलट भिजत ठेवल्यामुळे सुटलेल्या रंगाला शेजारच्या भागावर बसायला वेळ मिळतो.

दुसऱ्या कपड्याला रंग लागलाच तर तो वाळू देऊ नका, इस्त्री तर अजिबात नको. ओला असतानाच, लेबलवर चालेल त्या वरच्या तापमानाला, एकटा पुन्हा धुवा. वाळला की काम कितीतरी अवघड होतं.

५. एक टी-शर्ट, पहिल्यापासून शेवटपर्यंत

घरात आलेला एक टी-शर्ट असा होता: अंग गडद निळं, बाह्या पांढऱ्या, छातीवर छापील अक्षरं. कापड ९५ टक्के सुती, ५ टक्के इलास्टेन. लेबल: ‘मशीन वॉश कोल्ड, इन्साइड आउट, विथ लाइक कलर्स. ओन्ली नॉन-क्लोरीन ब्लीच व्हेन नीडेड. टंबल ड्राय लो. वॉर्म आयर्न इफ नीडेड, डू नॉट आयर्न प्रिंट.’

अडचण पहिल्याच वाक्यात आहे. सारख्या रंगांबरोबर धुवा म्हणतात, पण या कपड्यात गडद आणि पांढरा रंग एकत्रच शिवला आहे. म्हणून आधी निळ्या भागाची परीक्षा घेतली. ओल्या परीक्षेत पांढऱ्या तुकड्यावर फिकट निळी छटा आली, कोरड्यात काही नाही. म्हणजे घातला तर धोका नाही, पाण्यात मात्र लक्ष ठेवायला हवं.

धुण्याआधी मोजपट्टीनं खांद्यापासून खालपर्यंत लांबी घेतली, ७० सेंटिमीटर भरली. ‘इन्साइड आउट’ म्हणजे उलटा करून, तसा केला, कारण छापील अक्षरं पिंपाला घासायला नकोत. मग एकटाच, थंड पाण्यात, लहान सायकलवर लावला. भिजत घातला नाही. मशीन थांबताच बाहेर काढला. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन रंगांचे कपडे अनेकदा धुताना खराब होत नाहीत, ते धुऊन झाल्यावर मशीनमध्ये ओल्या बोळ्यासारखे पडून राहतात तेव्हा होतात. निळं पांढऱ्याला चिकटून तासभर राहिलं की छाप पडते.

ड्रायर वापरला नाही. बाह्या अंगाला टेकणार नाहीत अशा पसरून, सावलीत वाळत घातला. निळ्या रंगाला कडक ऊन नको, आणि लेबलवर ड्रायरची परवानगी असली तरी सक्ती नव्हती. वाळल्यावर लांबी ६८.५ सेंटिमीटर भरली, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास आटला. सुती विणीला पहिल्या धुण्यात एवढं होतंच. बाह्यांवर छटा नव्हती.

इस्त्री मध्यम, उलट्या बाजूनं, आणि छापील भाग सोडून. ‘इफ नीडेड’ म्हणजे गरज असेल तरच, आणि झटकून वाळत घातल्यामुळे ती फक्त खालच्या काठाला लागली. दुसऱ्या धुण्यानंतर पांढऱ्या तुकड्याची परीक्षा परत घेतली, तो कोरा निघाला. तेव्हापासून हा टी-शर्ट इतर गडद कपड्यांबरोबर जातो, फक्त बाहेर काढायचा पहिला.